प्रंबाननच्या कठड्यावरचं रामायण नक्की कुठून वाचायचं?

नीलमोहर_७
जावा बेटावर योग्यकर्ताजवळ प्रंबाननची मंदिरं आहेत. तिथल्या शिवमंदिराच्या कठड्यावर रामायण कोरलंय. एका नातेवाइकांनी काढलेले तिथले साठेक फोटो माझ्याकडे आलेत आणि त्यांचा एक अल्बम करून द्यायचाय. प्रत्येक फोटोखाली प्रसंग लिहायचा बेत होता, पण फोटो काढलेल्या क्रमाने लावले तर गोष्ट काही जुळत नाही. सेतुबंधन आधी, सीताहरण मग, पुढे भरताला पादुका आणि शेवटी दशरथाच्या दरबारात विश्वामित्र!

शिवाय तीन चित्रं अशी आहेत जी आपल्या रामायणात मला सापडली नाहीत.
एकात राम बाण मारतोय आणि खाली पाण्यात मगर आहे.
दुसऱ्यात लक्ष्मण पाणी भरतोय आणि वर झाडात एक वानर बसलाय.
तिसऱ्यात सेतू बांधताना माशांच्या तोंडात दगड आहेत.

हे नक्की कुठलं रामायण? आणि क्रम कसा लावायचा?

गोदातीर
सोपं आहे. जावामध्ये त्याच काळात ककविन रामायण लिहिलं गेलं, त्यावरूनच हे कोरलंय. ककविनची प्रत समोर ठेवा, सगळे प्रसंग सापडतील.

सह्यवाट
मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत गेलात तर उघड्या रंगमंचावर रामायण बघायला मिळतं, मागे मंदिरं उजळलेली असतात. चुकवू नका. क्रम वगैरे तिथे आपोआप कळेल.

नीलमोहर_७
@सह्यवाट, धन्यवाद, पण मी जाणार नाहीये, फोटो दुसऱ्यांचे आहेत. प्रश्न दगडातल्या रामायणाचा आहे.

कातळरेघ
आधी क्रमाचं बघू, कारण ते पक्कं सांगता येतं. फोटो काढणारे पायऱ्या चढून वर आल्यावर उजवीकडे वळले. वळायला हवं होतं डावीकडे. तुमचे फोटो बिघडलेले नाहीत, ते फक्त उलटे लागलेत. शेवटचा पहिला करा, गोष्ट सरळ होईल.

कारण असं. मंदिराचं तोंड पूर्वेला आहे. पूर्वेच्या जिन्याने वर आलात की तुमचं तोंड पश्चिमेला, म्हणजे गाभाऱ्याकडे असतं. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवायचा, म्हणून डावीकडे, दक्षिणेला वळायचं. आता देव उजवीकडे आणि कठडा डावीकडे. रामायण कोरलंय ते या कठड्याच्या आतल्या अंगाला, मंदिराच्या भिंतीवर नाही. म्हणजे पट बघायला तुम्ही देवाकडे पाठ करून बाहेरच्या बाजूला तोंड करता. तसं उभं राहून प्रदक्षिणेच्या दिशेने सरकलात की तुम्ही डावीकडून उजवीकडे जाता. गोष्टही तशीच, डावीकडून उजवीकडे वाचायची.

जिन्यालगतचा पहिला पट म्हणजे सागरात शेषावर विष्णू, शेजारी गरुड, आणि पलीकडे गाऱ्हाणं घेऊन आलेली मंडळी. त्यानंतर दशरथाकडे आलेले विश्वामित्र. मंदिराला चारही दिशांना जिने आहेत, त्यामुळे कठडा मध्ये मध्ये तुटतो. दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या जिन्याने चढलेला माणूस गोष्टीच्या मधोमध शिरतो आणि गोंधळतो. फोटोंमध्ये शेषशायी विष्णू शोधा, तो तुमचा पहिला.

एक सावधगिरी. साठात काही फोटो रामायणाचे नसतीलही. सेवकांसह बसलेली, शांत, समोर बघणारी देवता दिसली तर ती मंदिराच्या अंगावरच्या दिक्पालांपैकी असेल. दोन कल्पवृक्षांच्या मध्ये कोनाड्यात सिंह दिसला तर तो खालच्या जोत्यावरचा. कठड्याच्या बाहेरच्या अंगावर नर्तक आणि वादक आहेत. हे तिन्ही वेगळे काढून ठेवा.

नीलमोहर_७
@कातळरेघ, उलटे लावून बघितले. विश्वामित्र, धनुष्य, कैकेयी, पादुका, सीताहरण, सगळं रांगेत बसलं! मात्र वानर लंकेत पोचतात तिथे फोटो संपतात. युद्धाचे काढलेच नाहीत की काय?

कातळरेघ
युद्ध त्या मंदिरावर नाहीच. शिवमंदिराचा कठडा सेतू ओलांडण्यापाशी संपतो आणि उरलेली गोष्ट दक्षिणेच्या ब्रह्मामंदिराच्या कठड्यावर सुरू राहते. कुंभकर्णाला उठवणं, रावणवध आणि पुढे उत्तरकांडातले सीतात्याग, लव-कुश, सगळं तिथे. उत्तरेच्या विष्णुमंदिरावर कृष्णकथा आहे. बरेच पर्यटक मधलं मोठं मंदिर बघून परततात, त्यांना अर्धंच रामायण मिळतं.

@गोदातीर, ककविनबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. काळ जवळजवळ तोच, हे तुमचं बरोबर. मंदिराशी जोडला जाणारा शिवगृह शिलालेख इ.स. 856 चा आहे आणि ककविनही साधारण नवव्या शतकातलं. पण ककविन बऱ्याच अंशी संस्कृतातल्या भट्टिकाव्यावर बेतलंय आणि राम अयोध्येला परतला की संपतं. ब्रह्मामंदिरावरचं उत्तरकांड त्यात नाही. नीलमोहरताईंनी विचारलेली झाडातल्या वानराची आणि माशांची दृश्यंही त्यातून लागत नाहीत.

गोदातीर
मग कुठून लागतात? वाल्मीकीत नाही, ककविनमध्ये नाही, मग शिल्पींनी मनाने कोरलं म्हणायचं?

कातळरेघ
मनाने नाही. स्टुटरहाइम नावाच्या डच अभ्यासकाने 1925 साली या पटांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने दाखवलं की यातले काही प्रसंग मलय भाषेतल्या ‘हिकायत सेरी राम’शी जुळतात. झाडातल्या वानराचा त्यातलाच एक. रामाला तहान लागते, लक्ष्मण भात्यात पाणी भरून आणतो, राम पितो तर ते खारट लागतं. शोध घेतल्यावर कळतं की वर झाडात सुग्रीव बसून रडतोय आणि वाहतायत ते त्याचे अश्रू. राम-सुग्रीवांची भेट अशी होते. वाल्मीकीत हनुमान भिक्षूचं रूप घेऊन येतो आणि बोलणी करतो. इथे ओळख घडते ती पाण्याच्या चवीवरून.

अडचण ही की हिकायतची लिखित प्रत मंदिराहून कित्येक शतकांनी नवी आहे. म्हणजे दगडाने पुस्तक बघितलेलं असूच शकत नाही. दोघांच्या मागे तोंडी सांगितली जाणारी कुठलीतरी रामकथा होती, एवढंच म्हणता येतं. ती कोणत्या किनाऱ्यावरून तिथे पोचली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

ओवीबद्ध
अश्रूंचं पाणी! हे फार सुंदर आहे. आणि दगडात दाखवायलाही सोयीचं. भिक्षूशी लांब संभाषण कोरणार कसं? दोन माणसं समोरासमोर हात हलवताना दिसतील, बस्स. पण खाली पाणी, मध्ये झाड, वर वानर म्हटलं की नजर आपोआप खालून वर जाते आणि गोष्ट कळते.

कातळरेघ
@ओवीबद्ध, अगदी हेच. पोथीतला कोणता प्रसंग भिंतीवर टिकतो हे पुष्कळदा यावरच ठरतं. जटायूचं बघा. वाल्मीकीत तो मरताना रामाला तोंडाने सांगतो की रावणाने सीतेला दक्षिणेकडे नेलं. बोललेलं वाक्य दगडात कसं दिसणार? प्रंबाननमध्ये सीता अंगठी जटायूकडे देते आणि पुढे तो ती रामाला देतो. आता निरोप डोळ्यांना दिसतो. रावणाच्या विमानाचंही तसंच, तिथे पंख असलेला एक राक्षसच त्याला वाहून नेतोय. ‘विमान’ या शब्दावरून चित्र काढायची वेळ आली की प्रत्येक देशाचा शिल्पी आपापलं उत्तर काढतो.

कबंधाच्या बाबतीत त्याला माघार घ्यावी लागलीय. कबंध म्हणजे डोकं नसलेला, पोटात तोंड असलेला. इथे पोटावर चेहरा कोरलाय आणि खांद्यावर नेहमीसारखं डोकंही ठेवलंय. डोकं नसलेली आकृती लांबून तुटलेली मूर्ती वाटेल, अशी धास्ती असावी. हा मात्र माझा अंदाज.

दगडूशेटचा_नातू
धाग्याच्या नावात ‘कुठून वाचायचं’ आहे म्हणून विचारतो. कंबोडियातल्या अंगकोर वाटला म्हणे सगळं उलट दिशेने आहे. उलटी प्रदक्षिणा अंत्यविधीत घालतात, म्हणून ते मंदिर नसून राजाची समाधी, असं वाचलंय. खरं का?

शिळाप्रेस
अंगकोर वाटच्या पटांचा क्रम देव डाव्या हाताला ठेवून जातो हे खरं. मंदिराचं तोंडही पश्चिमेला आहे. या दोन गोष्टींवरून समाधीचा तर्क निघाला. पण उलटी दिशा म्हणजे मृत्यू, एवढं सरळ गणित मला पटत नाही. आपल्या जवळचं उदाहरण घ्या. कर्नाटकात अमृतपूरला होयसळांचं 1196 चं अमृतेश्वर मंदिर आहे. त्याच्या दक्षिण भिंतीवर रामायणाचे 70 पट आहेत आणि ते उलट्या प्रदक्षिणेच्या क्रमाने लागतात. तिथे कुणाची समाधी नाही. पूर्व जावातल्या पनातरनला मुख्य मंदिराच्या जोत्यावरचं रामायणही उलटंच.

आंब्याचीडहाळी
म्हणजे प्रंबानन सुलट, बाकी सगळे उलट? मग नियम काय?

कातळरेघ
@आंब्याचीडहाळी, पाय कुठल्या दिशेने जातात ते बाजूला ठेवून डोळे कुठल्या दिशेने जातात ते बघा, मग मजा कळते.

प्रंबाननला पट कठड्यावर, म्हणजे आपण बाहेर तोंड करून बघतो. सुलट प्रदक्षिणा घातली की नजर डावीकडून उजवीकडे.
अंगकोरला पट ओवरीच्या आतल्या भिंतीवर, म्हणजे आपण मंदिराकडे तोंड करून बघतो. उलटी प्रदक्षिणा घातली की नजर पुन्हा डावीकडून उजवीकडे.
अमृतपूर आणि पनातरनला पट मंदिराच्याच अंगावर. उलटी प्रदक्षिणा, आणि नजर डावीकडून उजवीकडे.

चारही ठिकाणची लिपी डावीकडून उजवीकडे लिहिली जाणारी. गोष्टही तशीच वाचावी, असं रचना करणाऱ्यांना वाटलं असेल का? मला ही शक्यता समाधीपेक्षा जवळची वाटते.

शिळाप्रेस
मोह होतो खरा, पण जावातलंच बौद्ध बोरोबुदूर आडवं येतं. तिथे सज्जाच्या दोन्ही अंगांना पट आहेत, एकीकडे मुख्य भिंत आणि दुसरीकडे कठडा. चालायचं एकाच दिशेने, सुलट. म्हणजे कठड्यावरची गोष्ट डावीकडून उजवीकडे जाते आणि मुख्य भिंतीवरची उजवीकडून डावीकडे. पहिल्या सज्जावर बुद्धचरित्राचे 120 पट मुख्य भिंतीवर आहेत आणि ते सगळे उजवीकडून डावीकडे लागतात. लिपी तीच, प्रदेश तोच, काळही फार लांब नाही. तिथे लिपीपेक्षा प्रदक्षिणा वरचढ ठरली.

कातळरेघ
मान्य. बोरोबुदूरचं उत्तर माझ्याकडे नाही.

गोदातीर
हे सगळं आपल्या वेरूळच्या कैलासात आधीच आहे की. एका बाजूला रामायण, एका बाजूला महाभारत. राष्ट्रकूट कृष्ण पहिला, आठवं शतक. जावावाल्यांनी तिथूनच घेतलं असणार.

शिळाप्रेस
@गोदातीर, काळाने वेरूळ आधी हे बरोबर. पण ‘तिथूनच’ म्हणायला पुरावा लागतो, आणि दोन्हींची रचना तर अगदी वेगळी आहे. कैलासाच्या मंडपाच्या दक्षिण अंगाला रामायण आणि उत्तर अंगाला महाभारत आहे, त्यातच खालच्या थरांत कृष्णचरित्र. हे आडवे पट्टे एकावर एक रचलेत. बघणारा एका जागी उभा राहतो आणि मान वर-खाली करतो. चालायची गरजच नाही. माणसं लहान, प्रसंग दाटीने, आख्खं रामायण एका भिंतीत. प्रंबाननला एकच पट्टी आहे, डोळ्यांच्या जवळ, आणि ती वाचायला मंदिराला फेरी घालावीच लागते.

दगडाचाही फरक आहे. वेरूळ एकसंध कातळ. प्रंबानन अँडेसाइटच्या सुट्या शिळा चुन्याशिवाय एकमेकींवर बसवून उभारलंय.

ओवीबद्ध
सुट्या शिळा असतील तर आधी कोरून मग बसवत की बसवून मग कोरत?

कातळरेघ
बसवून मग. फोटोत सहज पडताळता येतं. शिळांचे सांधे आकृत्यांच्या अंगावरून बिनदिक्कत जातात, कधी दंडातून, कधी थेट चेहऱ्यातून. आधी कोरलं असतं तर निदान चेहरा तरी एका शिळेत ठेवला असता.

याचा तोटा पुढे दिसतो. मंदिर ढासळलं की एक आकृती तीन-चार शिळांत विखुरते आणि शिळा शेजारच्या ढिगात मिसळतात. शिवमंदिर पुन्हा उभारून 1953 साली पुरं झालं, ब्रह्मामंदिर 1987 साली, विष्णुमंदिर 1991 साली. पद्धत अशी की सापडलेल्या शिळा जमिनीवरच जुळवून बघायच्या. खाचा आणि कोरीव रेघा पुढच्या शिळेत सलग गेल्या तर ती जागा नक्की. जी सापडत नाही तिच्या जागी साधी, न कोरलेली शिळा बसवायची. नीलमोहरताई, फोटोत मध्येच सपाट कोरा चौकोन दिसला आणि आकृती अर्धी तुटली, तर तिथे मूळ दगड नाही असं समजा. तो शिल्पीचा अपुरेपणा नव्हे. मे 2006 च्या भूकंपात पुन्हा बरंच नुकसान झालं आणि दुरुस्त्या झाल्या.

नीलमोहर_७
@कातळरेघ, बरं झालं सांगितलंत. अशा तीन जागांखाली मी ‘अपूर्ण काम’ लिहून ठेवलं होतं, आता खोडते.

मग शिल्पींना क्रम कोण सांगत असे? पोथी समोर असायची का?

शिळाप्रेस
प्रंबाननला नाही, पण बोरोबुदूरला याचा थेट पुरावा आहे. तिथल्या मूळ जोत्यावर 160 पट आहेत, चांगल्या-वाईट कर्मांची फळं दाखवणारे. पुढे बांधकामात त्यांच्यावर दगडांचं रुंद आवरण चढलं आणि ते झाकले गेले. 1885 साली ते लक्षात आलं. मग टप्प्याटप्प्याने दगड काढून, फोटो घेऊन आवरण परत बसवलं. फोटो काढले कासियान सेफास या जावानी छायाचित्रकाराने. काही पटांच्या वर बारीक अक्षरांत एक-दोन शब्द कोरलेले सापडले, ‘विरूप’, ‘स्वर्ग’ असे. शिल्पीला दिलेली सूचना होती ती, इथे काय काढायचं याची. काम झाल्यावर ती घासून टाकायची असणार, पण जोतं झाकलं गेल्याने राहून गेली.

म्हणजे कोरणाऱ्याच्या हाती आख्खी पोथी नसे. कथा जाणणारा वेगळा, रचना ठरवणारा वेगळा आणि छिन्नी चालवणारा वेगळा. ‘विरूप’ म्हटल्यावर कुरूप माणूस कसा काढायचा हे छिन्नीवाल्याचं, आणि तो जावाचाच माणूस काढणार.

आंब्याचीडहाळी
हे वाचून अंगावर काटा आला. हजार-बाराशे वर्षं झाकून राहिलेली मुकादमाची चिठ्ठी!

दगडूशेटचा_नातू
अंगकोरचं महाभारत कसं आहे? तिथेही असे छोटे छोटे प्रसंग?

शिळाप्रेस
नाही, तिथला विचारच वेगळा. पश्चिम ओवरीच्या दक्षिण भागात कुरुक्षेत्र आहे, जवळजवळ 49 मीटरचा एकच सलग पट. डाव्या टोकाकडून कौरव येतात, उजव्या टोकाकडून पांडव. टोकांना शिस्तीत चालणारं सैन्य आहे. मध्याकडे जावं तशी दाटी वाढते आणि मधोमध नुसती झुंज. इथे ‘आधी-मग’ नाही. अठरा दिवस एकाच भिंतीत एकदम घडतात. बाणांवर पडलेले भीष्म वरच्या अंगाला दिसतात आणि लढाईही चालूच असते. द्रोणाचार्य केसांच्या बुचड्यावरून ओळखायचे. अर्जुनाचा रथ ओळखायची खूण म्हणजे त्याचा सारथी, त्याला चार हात आहेत.

गोदातीर
सारथ्य करताना कृष्ण चतुर्भुज? आपल्याकडे तर द्विभुजच दाखवतात.

शिळाप्रेस
कारण सरळ आहे. शेकडो योद्धे, सगळ्यांचे पोशाख तिथल्या ख्मेर सैन्यासारखे. त्या गर्दीत दोन हातांचा सारथी हरवला असता. शिवाय सूर्यवर्मन दुसऱ्याने हे मंदिर विष्णूचं बांधलं, तेव्हा कृष्णाचं विष्णुपण दिसणं गरजेचंही होतं. त्याच ओवरीच्या उत्तर भागात लंकेचं युद्ध आहे. तिथेही राम सापडतो तो हनुमानाच्या खांद्यावर उभा असल्यामुळे, आणि रावण दहा तोंडं नि वीस हातांमुळे.

अंगकोरला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पूर्व ओवरीचा उत्तर भाग आणि उत्तर ओवरीचा पूर्व भाग बाराव्या शतकातले नाहीत. ते सोळाव्या शतकात अंग चान राजाच्या वेळी कोरून पुरे केले. कृष्ण-बाणासुर युद्ध त्यातलंच. उठाव कमी, आकृत्या ठोकळेबाज. ‘ख्मेर कलेचा नमुना’ म्हणून त्याचाच फोटो लावला जातो तेव्हा वाईट वाटतं.

सह्यवाट
बँकॉकच्या वाट फोला मुख्य इमारतीच्या जोत्यावर संगमरवरी रामकियन, म्हणजे थाई रामायण आहे, 152 पट. त्यावर कागद ठेवून काजळीने छाप घेतात, ते विकत मिळतात. कुणाला हवे असतील तर.

शिळाप्रेस
@सह्यवाट, मूळ पटांवरून तसे छाप घेणं बंद झालंय आणि ते योग्यच आहे. घासून घासून संगमरवराचा उठाव झिजतो, आणि आधी जातात त्या बारीक रेघा, मुकुटाची नक्षी, डोळे. आता मिळतात ते साच्यांवरून काढलेले. घ्या जरूर, पण मूळ पटाला हात लावू नका.

ओवीबद्ध
कातळरेघ, वर पनातरनचा उल्लेख आलाय, त्याबद्दल लिहा ना. तेही जावातलंच ना?

कातळरेघ
हो, पण प्रंबाननहून जवळजवळ पाचशे वर्षांनी नवं, मजपहित राज्याच्या काळातलं. मुख्य मंदिरावरच्या द्वारपालांवर 1347 चा काळ कोरलाय. तिथे आख्खं रामायण नाहीच. हनुमान लंकेत शिरतो तिथे सुरुवात आणि कुंभकर्ण पडतो तिथे शेवट. अयोध्या नाही, वनवास नाही, रावणवधसुद्धा नाही. आणि गोष्ट गोदातीर म्हणतात त्या ककविनच्या बरीच जवळची.

शैलीतला फरक तर लहान मूलही सांगेल. प्रंबाननची माणसं गोल, भरीव, वळलेली, एका पायावर भार टाकून उभी. पनातरनची चपटी. खांदे समोर, चेहरा बाजूने, हात लांब आणि काटकोळे, मोकळी जागा ढगांनी आणि वेलींनी भरलेली. जावातल्या चामड्याच्या छायाबाहुल्या ज्यांनी बघितल्यात त्यांना हे लगेच ओळखू येईल. आपल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या आठवा, त्यांचाही चेहरा बाजूनेच दिसतो, कारण पडद्यावर सावली पडली की समोरून काढलेल्या चेहऱ्याचा नुसता गोळा होतो. पनातरनला तीच दृष्टी दगडात आलीय, जरी दगडाला तशी सक्ती नव्हती.

गोदातीर
म्हणजे माझं ककविनचं म्हणणं चुकीच्या मंदिराला लावलं गेलं. पनातरनचे फोटो शोधतो आता.

नीलमोहर_७
माझ्या तीनपैकी सुग्रीवाचं उलगडलं. मगर आणि मासे राहिले. मगर म्हणजे हनुमान द्रोणागिरी आणायला जातो तेव्हाची शापित अप्सरा तर नाही? कीर्तनात ती गोष्ट ऐकल्याचं आठवतं.

कातळरेघ
तुलना चांगली आहे, पण जागा जुळत नाही. ती गोष्ट युद्धातली, आणि मगरीला मारतो हनुमान. इथे बाण रामाचा आहे, सोबत लक्ष्मण आहे, आणि हा पट सुग्रीवभेटीच्या आधी लागतो. हनुमान अजून कथेत आलेलाच नाही. शापित जीव मगरीच्या रूपात होता आणि रामाच्या बाणाने सुटला, असा अर्थ सहसा लावतात. त्यापुढे खात्रीने काही म्हणता येत नाही.

ओवीबद्ध
तीच शापमुक्तीची कल्पना एकीकडे रामाला चिकटली असेल, दुसरीकडे हनुमानाला?

कातळरेघ
शक्य आहे. हे प्रसंग सुटे मणी असतात, सांगणारा हव्या त्या दोऱ्यात ओवतो.

माशांबद्दल दोन मतं आहेत. आग्नेय आशियातल्या पुष्कळ रामकथांत सेतूचे दगड मासे पळवतात. थायलंडच्या कथेत तर हनुमान त्यासाठी पाण्यात उतरतो आणि तिथे त्याची सुवर्णमत्स्या या रावणकन्येशी गाठ पडते. त्या वाटेने बघितलं तर प्रंबाननचे मासे दगड गिळतायत, काम बिघडवतायत. दुसरं मत असं की सागर रामाला शरण आल्यावर जलचर मदतीला आले आणि दगड वाहतायत. खरं सांगायचं तर माशाच्या तोंडातला दगड आत चाललाय की बाहेर येतोय हे दगडात कळत नाही. मी स्वतः पहिल्या मताचा, कारण मदतीचे मासे मला त्या भागातल्या कुठल्या कथेत भेटलेले नाहीत.

आंब्याचीडहाळी
मी दुसऱ्या मताची. आपल्या खारीने वाळू टाकली, तर त्यांच्या माशांनी दगड का टाकू नयेत?

शिळाप्रेस
@नीलमोहर_७, अल्बममध्ये त्या चित्राखाली ‘सेतूचे दगड आणि मासे’ एवढंच लिहा. आणि नातेवाइकांना सांगा, पुन्हा गेले तर पूर्वेकडचे पट सकाळी काढू नका. त्यांचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी सूर्य त्यांच्या पाठीशी असतो आणि कोरीव भाग काळा पडतो. मागे सरकायला वाव कमी, मंदिराची भिंत आड येते, म्हणून एक पट दोन-तीन फोटोंत घ्यायचा, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक वेळी थोडा भाग पुन्हा घेत. प्रकाश अगदी समोरून असेल तर उठाव सपाट दिसतो. आभाळ भरलेलं असताना किंवा ऊन बाजूने तिरकं येत असताना रेघा उठून दिसतात.

नीलमोहर_७
सगळ्यांचे आभार. क्रम लागला, दिक्पाल वेगळे काढले, कोऱ्या शिळांखालची ओळ बदलली. एक शेवटचं. वाली-सुग्रीवांच्या फोटोत दोन वानर दोनदा लढताना दिसतायत. तोच फोटो चुकून दोनदा आलाय का?

कातळरेघ
चुकून नाही, ठेवा दोन्ही. पहिल्या लढाईत राम बाण मारत नाही, कारण दोघे भाऊ हुबेहूब सारखे. एरवी शिल्पी दोन पात्रं वेगळी दिसावीत म्हणून धडपडतो, इथे त्याला मुद्दाम सारखी काढावी लागली. दुसऱ्या लढाईत एकाच्या अंगावर पानांची माळ शोधा. तो सुग्रीव. नसलेला वाली, आणि बाण त्यालाच लागलेला असेल.

नीलमोहर_७
सापडली माळ! फोटो मोठा करून बघितला तर पानंसुद्धा मोजता येतायत.